तूप सोडलं, तरी कोलेस्टेरॉल उतरेना

आपल्या आरोग्याच्या या वेळेत आज आम्ही रक्तातल्या चरबीविषयी बोलणार आहोत. विषय जुना वाटेल. तेल कमी खा, तूप सोडा, चाला, हे तुम्ही इतक्यांदा ऐकलंय की आम्ही तेच पुन्हा सांगायला बसलो तर तुम्ही रेडिओ बंद कराल, आणि त्यात तुमचं काही चुकणार नाही. आज आम्हाला वेगळ्या बायकांविषयी बोलायचंय. ज्यांनी तूप सोडलं, तळण सोडलं, खोबरंसुद्धा सोडलं, अंगानं सडपातळ आहेत, दिवसभर राबतात, आणि तरी रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर येतं, त्यांच्याविषयी. अशा घरात मग बोलणी सुरू होतात. ‘चोरून खात असशील.’ नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर, ‘तुझ्या हातच्या फोडणीनंच झालं हे.’ दोष चुलीपाशी येऊन थांबतो. खरा दोष पुष्कळदा यकृतात असतो, आणि तो जन्मापासून असतो. तो नेमका कुठे असतो ते समजायचं, तर आधी चरबी अंगात कशी फिरते ते बघायला हवं.

साधी गोष्ट आहे, तेल पाण्यात मिसळत नाही. आमटीवर तर्री वर तरंगते, ती कितीही ढवळली तरी थोड्या वेळानं पुन्हा वर येते. रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच. मग त्यातून चरबी न्यायची कशी? शरीर तिचे बारीक बारीक गोळे बनवतं. आत चरबी, आणि बाहेरून प्रथिनांचं व दुसऱ्या एका पदार्थाचं पातळ वेष्टन, जे पाण्याशी जमवून घेतं. या गोळ्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. त्यांत दोन प्रकारचा माल भरलेला असतो. एक ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपण ज्याला तेल-तूप म्हणतो तीच चरबी, अंगाला शक्ती देणारी. दुसरं कोलेस्टेरॉल. त्यातून शक्ती मिळत नाही, पण पेशीचं आवरण त्याच्याशिवाय उभं राहत नाही, आणि बाईच्या अंगातली पाळीची संप्रेरकंही त्यापासूनच बनतात. तेव्हा कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे, एवढं आधी मनात पक्कं करू या.

आता समजा, सणाला तुम्ही पुरणपोळी खाल्लीत, वर तुपाची धार. ते तूप लहान आतड्यात पचलं की आतड्याच्या पेशी त्याचे मोठे गोळे बांधतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. हे इतके मोठे असतात की आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतच नाहीत. ते लसिकेच्या नळ्यांतून वर चढतात, छातीतल्या मोठ्या नळीतून जातात आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ, शिरेत उतरतात. म्हणजे भाताची साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते, पण तुपाचा बहुतेक भाग मात्र आधी सगळ्या अंगाला प्रदक्षिणा घालतो. स्नायूंच्या आणि चरबीच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर एक विकर बसलेलं असतं. ते या गोळ्यातली चरबी फोडतं आणि शेजारच्या पेशींना देतं. काम करणारा स्नायू ती जाळतो, नाहीतर कमरेवरचा थर ती साठवतो. काही तासांत गोळा रिकामा होत होत लहान होतो, आणि जो उरतो तो, म्हणजे थोडी चरबी आणि पोळीसोबत आलेलं कोलेस्टेरॉल, यकृत उचलून घेतं.

जड जेवणानंतर दोन-तीन तासांनी रक्त काढलं आणि नळीत थोडा वेळ ठेवलं, तर वरचं पाणी दुधाळ दिसतं. तो दुधाळपणा या कायलोमायक्रॉनचाच. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगतात त्याचं एक कारण हेच. रात्रीची पोळी तोवर वाहून गेलेली असते. तेव्हा लक्षात घ्या, उपाशीपोटीच्या रिपोर्टमध्ये जे कोलेस्टेरॉल दिसतं ते काल रात्री खाल्लेलं तूप नसतं.

मग ते कुठलं? ते यकृतानं पाठवलेलं असतं. आपण जेवत नसतो तेव्हाही अंगाला चरबी पुरवावी लागते, म्हणून यकृत स्वतःचे गोळे बांधून रक्तात सोडतं. त्यांचं नाव व्हीएलडीएल. त्यांतही बहुतेक भाग ट्रायग्लिसराइडचा, थोडं कोलेस्टेरॉल. प्रत्येक गोळ्याभोवती एक भलंमोठं प्रथिन गुंडाळलेलं असतं, एपोबी-शंभर त्याचं नाव. एका गोळ्याला एकच, आणि ते शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहतं. आतड्यातल्या गोळ्यावर याच प्रथिनाची आखूड आवृत्ती असते. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

व्हीएलडीएल रक्तात फिरताना तेच विकर त्यातली चरबी काढून घेत राहतं. गोळा आटतो. चरबी गेली की मागे कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढतं, दूध आटवल्यावर खवा घट्ट होतो तसं. अर्धा आटलेला गोळा म्हणजे आयडीएल. इथे दोन वाटा फुटतात. निरोगी माणसात यांतले निम्म्याच्या आसपास गोळे यकृत तिथेच परत ओढून घेतं. उरलेले आणखी आटतात आणि त्यांचं एलडीएल होतं. रिपोर्टमध्ये ज्या ओळीखाली डॉक्टर पेनानं रेघ मारतात तेच हे. थोडक्यात, एलडीएल कोणी मुद्दाम बनवत नाही. यकृतानं पाठवलेल्या मालाचा तो शेवटी उरलेला, कोलेस्टेरॉलनं गच्च भरलेला गोळा असतो. निरोगी माणसात एक गोळा साधारण दोन-अडीच दिवस रक्तात फिरतो आणि मग उचलला जातो. बहुतेक वेळा यकृतच उचलतं.

उचलतं कसं, हाच आजचा मुद्दा. यकृताच्या पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. आपण त्यांना गळ म्हणू या, मासे धरायचा गळ. हा गळ एलडीएलच्या एपोबी-शंभर प्रथिनाला बरोब्बर अडकतो. गळ पेशीवर कुठेही विखुरलेले नसतात, लहान लहान खळग्यांत जमलेले असतात. मासा लागला की तो खळगा आत आत खोल जातो, त्याचं तोंड मिटतं आणि पेशीच्या आत एक पिशवी तयार होते. पिशवीतलं पाणी आंबट होतं, त्या आंबटपणानं गळ एलडीएलला सोडतो आणि परत वर पृष्ठभागावर येतो. हा सगळा फेरा दहाएक मिनिटांचा. एकच गळ असा दिवसभर खालीवर करत राहतो. आत राहिलेला एलडीएल चिरला जातो, कोलेस्टेरॉल मोकळं होतं आणि पेशी ते वापरते.

पेशी हिशोबीही असते. आत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती दोन कामं करते. स्वतः कोलेस्टेरॉल बनवणं कमी करते, आणि नवे गळ बनवणंही कमी करते. घरात धान्य भरलेलं असताना कोण बाजारात जाईल? आत तुटवडा पडला की उलट होतं, गळ वाढतात. तूप, लोणी, वनस्पती तूप आणि पामतेल यांतल्या घट्ट चरबीनं एलडीएल वाढतं ते याच वाटेनं. तशी चरबी जास्त असली की यकृतावरचे गळ कमी होतात आणि रक्तातले गोळे उचलायचे राहतात. खाण्याचा संबंध आहेच, आम्ही तो नाकारत नाही. पण तो गळांच्या मार्फत आहे. ज्याच्याकडे मुळात गळच निम्मे आहेत, त्याला खाणं सुधारून किती फायदा होणार, ते बघू.

हे गळ सापडले त्याची हकिगत थोडी सांगतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या डलास शहरात जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राऊन हे दोन डॉक्टर होते. काही मुलांचं कोलेस्टेरॉल सहाशे, आठशे, हजार असतं, आणि हृदयविकाराचा झटका त्यांना शाळकरी वयात येतो, हे त्या काळी माहीत होतं. अशा घराण्यांविषयी नॉर्वेतल्या कार्ल म्युलर या डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. कारण मात्र कळत नव्हतं. या दोघांनी अशा मुलांच्या कातडीचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, आणि शेजारी निरोगी माणसाच्या पेशी ठेवल्या. निरोगी पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. आजारी पेशींना कितीही एलडीएल द्या, त्या बनवतच राहत. त्यांना जणू बाहेर एलडीएल आहे याची खबरच नव्हती. मग त्यांनी एलडीएलला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावली आणि ते कुठे जातं ते पाहिलं. निरोगी पेशीला ते चिकटलं. आजारी पेशीला चिकटलंच नाही. गळच नव्हता!

पुढे एका रुग्णाच्या पेशींनी त्यांना कोड्यात टाकलं. तिथे एलडीएल चिकटत होतं, पण आत जात नव्हतं. गळ होता, मासाही लागत होता, पण गळ खळग्यात जमतच नव्हता, पृष्ठभागावर नुसता भटकत होता. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली की गळात बिघाड एकाच तऱ्हेचा नसतो. कोणाच्यात गळ बनतच नाही. कोणाच्यात बनतो, पण पेशीच्या आतच अडकून पडतो, वर येत नाही. कोणाच्यात वर येतो, पण एलडीएलला धरत नाही. कोणाच्यात धरतो, पण आत नेत नाही. कोणाच्यात आत नेतो, पण परत वर येत नाही. आडावरचं रहाट बिघडलं तर कधी दोर तुटलेला असतो, कधी बादलीला भोक असतं, कधी चाकच फिरत नाही. घरात पाणी येत नाही एवढं मात्र सगळ्यांत सारखंच. १९८५ साली या दोघांना नोबेल मिळालं.

गळाची कृती एकोणिसाव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, आणि आपल्या प्रत्येकीकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तर गळ निम्मे. अशी माणसं दर अडीचशे ते तीनशे माणसांत एक असतात. तीन हजार वस्तीच्या गावात सरासरी दहाएक जण होतात. हा काही दुर्मीळ आजार नाही, ओळखला जात नाही इतकंच. याला घराण्यात चालणारं उच्च कोलेस्टेरॉल म्हणू या. डॉक्टर त्याला एफएच म्हणतात.

गळ निम्मे झाले की एलडीएल साधारण दुप्पट होतं, कारण मार दोन्हीकडून बसतो. एक, रक्तातले गोळे उचलायला वेळ लागतो, ते जास्त दिवस फिरत राहतात. दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. ते अर्धे आटलेले गोळे, आयडीएल, मघाशी सांगितलेले, तेही यकृत याच गळांनी परत ओढतं. गळ कमी पडले की तेही मागे राहतात, आटत जातात आणि एलडीएल होतात. म्हणजे माल उचलायला उशीर, आणि वर नवा माल जास्त.

पोळीवरच्या तुपाचे गोळे मात्र या माणसांत व्यवस्थित जातात. त्यांच्या उरलेल्या भागाला यकृतात शिरायला दुसरंही दार आहे. म्हणून यांचं ट्रायग्लिसराइड बहुधा ठीक असतं आणि नळीतलं रक्ताचं पाणी दुधाळ नसतं, स्वच्छ असतं. ही ओळखायची चांगली खूण आहे. एलडीएल फार वर आणि ट्रायग्लिसराइड नेहमीसारखं, असं दिसलं की शंका घ्यायची.

आता एक उदाहरण मांडून बघू. बाई कल्पनेतली आहे, पण असे आकडे खरे असतात. वय ४१, सडपातळ, शेतात जाते, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल ३३२, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १३०. एलडीएल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, हिशोबानं काढतात, आणि तो हिशोब तुम्हीही घरी करू शकता. ट्रायग्लिसराइडला पाचानं भागायचं. व्हीएलडीएलमध्ये साधारण पाच भाग चरबी आणि एक भाग कोलेस्टेरॉल असं धरतात, म्हणून पाच. १३० भागिले ५ म्हणजे २६. हे व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल. आता ३३२ मधून ४६ वजा करा आणि हे २६ वजा करा. राहिले २६०. हे एलडीएल. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असेल तर मात्र हा हिशोब चालत नाही, आणि भरपेट जेवून रक्त दिलं असेल तरीही तो फसतो. कायलोमायक्रॉन मध्ये आले की पाचाचं गणित मोडतं.

मोठ्या माणसात एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं की डॉक्टरांनी घराण्याची चौकशी करायला हवी. पण त्याआधी दोन-तीन साधी कारणं बाजूला काढावी लागतात. पहिलं थायरॉइड. थायरॉइडचं काम मंदावलं की यकृतावरचे गळ कमी होतात आणि एलडीएल चढतं. बायकांत हे इतकं आढळतं की टीएसएच तपासल्याशिवाय कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करू नये असं आमचं ठाम मत आहे. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉल आपसूक उतरतं, असं पुष्कळदा होतं. दुसरं म्हणजे गरोदरपण. पोटात बाळ असताना कोलेस्टेरॉल वाढतंच, त्या दिवसांतला रिपोर्ट धरून काही ठरवायचं नाही. मूत्रपिंडाच्या काही आजारांत लघवीतून प्रथिनं जातात, तेव्हाही वाढतं. आणि पाळी जाण्याच्या सुमाराला थोडं वाढतं, कारण इस्ट्रोजेन हे संप्रेरक गळ वाढवतं आणि ते आता कमी झालेलं असतं. पण पाळी गेली म्हणून कोणाचं एकदम २६० होत नाही.

आपल्या या बाईचं टीएसएच ठीक आहे. मग अंगावरच्या खुणा बघायच्या. टाचेच्या मागची जाड शीर, म्हणजे घोटशिरेचा स्नायुबंध, चिमटीत धरून पाहायचा. तो जाड, गाठाळ लागतोय का? मूठ आवळल्यावर बोटांच्या सांध्यांवर, स्नायुबंधांत, बसक्या टणक गाठी दिसतात का? त्या कोलेस्टेरॉलच्या असतात, आणि टाचेची अशी गाठ या आजाराची जवळजवळ खात्रीची खूण मानतात. बुबुळाभोवती पांढरट कडं पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर तेही महत्त्वाचं. म्हातारपणी ते पुष्कळांना येतं, त्याचं काही नाही. पापण्यांवरचे पिवळे चट्टे मात्र कोलेस्टेरॉल ठीक असलेल्यांनाही येतात, त्यावरून घाबरून जाऊ नका. आणि खुणा नसल्या म्हणून आजार नाही असंही नाही. अनेकांना, विशेषतः तरुणपणी, काहीच दिसत नाही.

मग घराण्याचा इतिहास. या बाईचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी शेतात कोसळून गेले. ‘उन्हाचा तडाखा बसला’ असं घरात सांगतात. आत्याचा हृदयविकारानं पन्नाशीत मृत्यू. आता सगळं जुळायला लागलं. उपचार झाले नाहीत तर या आजाराच्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास सुरू होतो, आणि बायकांपैकी तिसेक टक्क्यांना साठीच्या आत. एलडीएल आज किती आहे एवढ्यावर हे ठरत नाही. किती वर्षं ते तेवढं आहे, यावर ठरतं. हिचं ते जन्मापासून चढलेलं आहे. एकेचाळीस वर्षं ते गोळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत झिरपताहेत.

खाणं सुधारलं तर काय होईल? घट्ट चरबी नेटानं कमी केली तर एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरावं. २६० चं २२५-२३० होईल. ते करायचंच, पण तेवढ्यानं भागत नाही. वर्षानुवर्षं कोरडी भाकरी खाणाऱ्या या बाईचा आकडा का हलत नव्हता, ते आता कळलं असेल.

इथे स्टॅटिन नावाची गोळी लागते. ही गोळी रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवते असं पुष्कळांना वाटतं. तसं काही ती करत नाही. जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून असा पहिला पदार्थ शोधून काढला. बुरशीच्या हजारो जाती तपासल्या होत्या त्यांनी. हा पदार्थ यकृताच्या पेशीला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. पेशीत तुटवडा पडतो, आणि मघाशी सांगितलं तसं ती गळ वाढवते. आपल्या बाईची एक प्रत बिघडलेली आहे, पण दुसरी चांगली आहे. त्या चांगल्या प्रतीकडून दुप्पट काम करून घ्यायचं, ही सगळी युक्ती. मोठ्या मात्रेनं एलडीएल निम्म्यावर येतं, २६० चं १३०. पुढे मात्रा दुप्पट केली तरी आणखी सहाएक टक्केच उतरतं, म्हणून नुसती गोळी वाढवत जाण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतात. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. खाण्यातलंही, आणि पित्तातून आतड्यात उतरलेलंही. तिनं आणखी वीसेक टक्के कमी होतं. १३० चं १०४. खाण्याची जोड मिळाली की शंभराच्या खाली. अशा माणसाला निदान तेवढं तरी खाली आणायचं असतं, आणि हृदयविकार आधीच झालेला असेल तर आणखी खाली.

स्टॅटिन सुरू झाल्यावर स्नायू दुखतात अशी तक्रार काही जणी करतात. खूप दुखलं, लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. एरवी शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका, कारण गोळी थांबली की काही आठवड्यांत गळ पुन्हा निम्म्यावर येतात. आणि दिवस जाण्याचा विचार असेल तर आधी सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ही गोळी साधारणपणे थांबवतात.

काहींना यानंही पुरत नाही. २००३ साली फ्रान्समधल्या काही घराण्यांत असं दिसलं की गळ धड आहेत, पण पीसीएसके-नाइन नावाचं एक प्रथिन ते आतच नष्ट करतं, परत वर येऊ देत नाही. त्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं आता आहेत, दोन आठवड्यांनी एकदा घ्यायची, आणि वर्षातून दोनदा घ्यायचीही. महाग आहेत, हे सांगायलाच हवं.

आता सगळ्यांत अवघड भाग. दोन्ही प्रती बिघडलेलं मूल. आई-वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक खेपेला चारांत एक अशी शक्यता असते. आपल्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. आजोबा-आजींपैकी एकाकडून हीच प्रत दोन्ही भावंडांत आली, की मामेभावंडांच्या लग्नात ती दोन्ही बाजूंनी एकत्र यायची शक्यता वाढते. अशा मुलाला बोटांच्या मधल्या बेचक्यांत, कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर पिवळ्या-नारिंगी गाठी येतात. लोक त्यांना चामखीळ समजतात, चुना लावतात. एलडीएल बहुधा चारशेच्या वर असतं, आणि उपचार नसले तर विसाव्या वर्षाच्या आतच झटका येऊ शकतो. अशा मुलाला स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही, कारण वाढवायला गळच नसतात. रक्त यंत्रातून फिरवून एलडीएल गाळून काढावं लागतं. १९८४ साली अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला नवं हृदय आणि त्यासोबत नवं यकृत बसवलं. तिचं कोलेस्टेरॉल हजाराच्या आसपास होतं, ते तीनशेच्या आसपास आलं. बाकी सगळं शरीर तिचंच, बिघडलेल्या प्रतीचं. फक्त यकृतावर दुसऱ्याचे गळ. कोलेस्टेरॉलचा कारभार कोणाच्या हातात आहे ते यावरून दिसतं.

मुलांच्या अंगावर अशा पिवळ्या गाठी दिसल्या तर त्या जाळू नका, काढू नका. आधी कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

आणि आपल्या उदाहरणातल्या बाईकडे परत येऊ, कारण तिच्या रिपोर्टनं काम संपत नाही, सुरू होतं. एका प्रतीचा दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाला निम्मी शक्यता असते, मुलगा असो की मुलगी. तिचा अडतीस वर्षांचा भाऊ आहे, त्याला काही त्रास नाही म्हणून तो कधी दवाखान्यात गेलेला नाही. सगळ्यांत आधी त्याला पाठवायचं. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि पुरुषाला हा त्रास बाईपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. मग तिची बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. या वयात तपासणी योग्यच, आणि दोष निघाला तर गोळी साधारण आठ-दहा वर्षांच्या वयापासून देता येते. मुलांसाठी वेगळं फार काही लागत नाही, तीच रक्ततपासणी. मुलाचं एलडीएल १६० च्या वर आलं आणि घरात मोठ्या माणसाचा असा रिपोर्ट असेल, तर दोष त्याच्याकडे आला आहे असं धरून चालतात. तपासायला जाताना बाईनं आपला स्वतःचा रिपोर्ट आणि वडील व आत्या कोणत्या वयात गेल्या हे एका कागदावर लिहून न्यावं. डॉक्टरांना त्या कागदाचा मुलांच्या रिपोर्टइतकाच उपयोग होतो.